एकेरी पट्टी की दुहेरी? पाहुण्यांचा अभिप्राय फॉर्म मराठीत आणताना

हॉटेल, होमस्टे किंवा अतिथिगृहाच्या अभिप्राय फॉर्ममध्ये रेटिंगच्या दोन जाती असतात आणि दोन्हींत बहुधा पाचच पर्याय असल्यामुळे त्या एकसारख्या दिसतात. पहिली शून्यापासून वर चढत जाते: ‘अजिबात स्वच्छ नव्हती’पासून ‘पूर्णपणे स्वच्छ होती’पर्यंत. गुण आहे का आणि असेल तर किती, एवढेच ती विचारते. सर्वेक्षणाच्या परिभाषेत ही एकध्रुवीय. इथे तिला एकेरी म्हणू. दुसरीच्या दोन टोकांना दोन विरुद्ध गोष्टी असतात: एकीकडे ‘खूप असमाधानी’, दुसरीकडे ‘खूप समाधानी’ आणि बरोबर मध्ये ‘ना समाधानी, ना असमाधानी’. ही दुहेरी.

इंग्रजीतून मराठीत येताना या दोघींची सर्वांत जास्त गल्लत होते ती नकारामुळे. ‘समाधानी नसणे’ आणि ‘असमाधानी असणे’ या तर्कदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत: पहिलीत समाधानाचा अभाव, दुसरीत उघड नाराजी. बोलताना मात्र ‘मी समाधानी नाही’ म्हणजे तक्रारच. त्यामुळे एकेरी पट्टीचे तळाचे घर मराठी वाचकाला दुहेरीच्या नकारात्मक टोकासारखे वाचायला मिळते. त्याच्या वरचे ‘फारसा समाधानी नाही’ हे घर तर आणखी फसवे. मूळ पट्टीत ते ‘थोडे समाधान आहे’ असे सांगते, पण मराठीत ‘फारसे नाही’ ही सभ्यपणे केलेली तक्रार असते. अशा पट्टीत पाहुण्याला खालची दोन्ही घरे वाईटच दिसतात.

म्हणून समाधान विचारायचे असेल तर दुहेरी पट्टी घ्यावी आणि दोन्ही टोके प्रश्नातच सांगावीत: ‘एकंदर मुक्कामाबद्दल तुम्ही समाधानी आहात की असमाधानी?’ नुसते ‘तुम्ही किती समाधानी आहात?’ विचारले की समाधान गृहीतच धरले जाते. एकेरी पट्टी स्वच्छता, शांतता, स्पष्टता अशा प्रमाणात मोजता येणाऱ्या गुणांसाठी राखून ठेवावी. तिथेही ‘खोली किती स्वच्छ होती?’ यात उद्गाराचा सूर डोकावतो, तर ‘कितपत स्वच्छ होती?’ यात किंचित शंका. पर्याय लगेच खाली असतील तर ‘कितपत’ चालते. तोंडी विचारायचे असेल तर ‘खोलीच्या स्वच्छतेबद्दल यातले कोणते वाक्य लागू पडते?’ हे जास्त सपाट.

आता सर्वांत त्रासदायक पट्टी. इंग्रजी फॉर्मवर ‘पुअर, फेअर, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट’ ही पाच घरे सर्रास दिसतात. ही पट्टी मध्यभागी तटस्थ नाही. तिचे तिसरे घर ‘गुड’, म्हणजे चांगलेच. पाचांतली तीन घरे कौतुकाची, एकच उघड वाईट आणि ‘फेअर’ त्यांच्या मध्ये जेमतेम. अनुवादकाला ही एकांगी वाटते आणि तो चांगल्या हेतूने ती सरळ करतो: ‘खूप वाईट, वाईट, ठीक, चांगला, खूप चांगला’. स्वतंत्रपणे पाहिले तर मराठी पट्टी मूळापेक्षा प्रामाणिक आहे. पण दोन भाषांतले आकडे एकाच तक्त्यात गेले की हिशेब बिघडतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाश्त्याच्या दर्जाबद्दल दहा पाहुण्यांची मते अशी आहेत: एकाला वाईट वाटला, दोघांना ठीक, चौघांना चांगला, तिघांना खूप चांगला. इंग्रजी पट्टीवर त्यांचे गुण अनुक्रमे 1, 2, 3 आणि 4 होतात. बेरीज 29, सरासरी 2.9. त्याच दहा जणांनी ‘सरळ केलेली’ मराठी पट्टी भरली तर गुण 2, 3, 4 आणि 5 होतात; बेरीज 39, सरासरी 3.9. नाश्ता तोच, मते तीच, फरक पूर्ण एका गुणाचा. ‘4 किंवा 5 देणारे किती’ असे पाहिले तर इंग्रजीत 30 टक्के आणि मराठीत 70 टक्के. अहवाल वाचणारा यावरून मराठी पाहुणे कौतुक करण्यात उदार असतात असा निष्कर्ष काढेल. त्यात पाहुण्यांचा काहीच वाटा नाही.

उपाय दोन आहेत आणि त्यातला एक निवडावाच लागतो. मूळ फॉर्म बदलणे शक्य असेल तर इंग्रजीच दुहेरी करून घ्यावा आणि मग सर्व भाषांत तीच पट्टी न्यावी. ते हातात नसेल तर मराठीतही एकांगी पट्टीच ठेवावी: ‘वाईट, जेमतेम, चांगला, खूप चांगला, उत्कृष्ट’. ‘फेअर’साठी ‘ठीक’ टाळावे, कारण ‘ठीक’ मधल्या घराकडे ओढते. ‘बरा’ त्याहून निसरडा: कुणाच्या तोंडी तो चालवून घेण्याजोगा, कुणाच्या तोंडी चक्क पसंतीचा. ‘समाधानकारक’ही नको. प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांमुळे तो शब्द ‘पास झाला एवढेच’ असा ऐकू येतो, आणि त्याच फॉर्मवर दुसरीकडे ‘समाधानी’ हे वरचे घर असेल तर एकाच धातूचे दोन शब्द दोन उंचीवर बसतात. ही अडचण मराठीपुरती नाही. स्पॅनिशमध्ये ‘फेअर’ला ‘रेग्युलार’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि तब्येतीबद्दलच्या सर्वेक्षणांत या एका घरामुळे दोन भाषांतल्या उत्तरांची तुलना अवघड होते.

तीव्रता दाखवणाऱ्या शब्दांबद्दल थोडक्यात. ‘खूप’ आणि ‘फार’ यांना दोन वेगळ्या पायऱ्या करू नयेत. त्यांची ताकद जवळपास सारखी आहे. दुहेरी पट्टीत इंग्रजीतला ‘समव्हॉट सॅटिस्फाइड’ बहुतेक वेळा ‘थोडा समाधानी’ होतो आणि तिथेच घसरतो, कारण ‘थोडा’ म्हणजे ‘पुरेसा नाही’. नुसते ‘समाधानी’ लिहावे आणि वरच्या टोकाला ‘खूप समाधानी’. नकाराच्या बाजूलाही तेच माप: वर ‘खूप’ असेल तर खाली ‘अत्यंत’ नको. आणि ‘असमाधानी’च्या जागी ‘नाराज’ नको. नाराजीत रुसवा आहे, माणूस दुखावल्याची छटा आहे. यजमानाला दुखवायचे नसलेला पाहुणा त्या घरावर खूण करताना कचरतो.

मराठीची एक खास अडचण तक्त्यात येते. डावीकडे खोली, नाश्ता, जेवण, कर्मचारी आणि वर पाच घरे अशी मांडणी असेल तर ‘चांगला’ लिहायचे की ‘चांगली’, ‘चांगले’? काही फॉर्मवर सरसकट ‘चांगले’ असते आणि ‘खोली चांगले’ असे वाचावे लागते. काहींवर ‘चांगला/ली/ले’ अशी भेळ. सुटका सोपी आहे: तक्त्याच्या माथ्यावर ‘खालील गोष्टींचा दर्जा कसा होता?’ असे विचारावे. मग विशेषण ‘दर्जा’ला लागते आणि सर्व ओळींत ‘चांगला’ बिनदिक्कत चालते. ‘समाधानी’, ‘असमाधानी’ बदलतच नाहीत, त्यामुळे दुहेरी समाधान-पट्टीला हा प्रश्न पडत नाही.

मधल्या घराचा दुरुपयोग हीही एक ओळखीची गडबड. ज्याने जलतरण तलाव वापरलाच नाही तो कुठे खूण करणार? पर्याय नसेल तर मध्ये. मग ‘ना समाधानी, ना असमाधानी’ या घरात खरोखर तटस्थ असलेले आणि तलावाकडे न फिरकलेले असे दोघेही जमा होतात. ‘लागू नाही’ हे कार्यालयी भाषेतले घर अनेकांना उमगत नाही. ‘ही सुविधा वापरली नाही’ असे लिहावे, पट्टीपासून थोडे अंतर सोडून ठेवावे आणि त्याला गुण देऊ नयेत. आकडे वापरत असाल तर दोन्ही टोकांना शब्दही हवेत: 1 म्हणजे पहिला क्रमांक असे समजणारे असतात, आणि जर्मन शाळांत तर 1 हाच सर्वोत्तम शेरा आहे.

टिप्पणीची जागाही पट्टीच्या जातीशी जुळवावी लागते. दुहेरी पट्टीखाली ‘आम्ही आणखी काय सुधारू शकतो?’ लिहिले तर ‘खूप समाधानी’ म्हणणाऱ्याने काय लिहायचे? ‘तुम्हाला काय विशेष आवडले?’ हा प्रश्न उलट बाजूला ढकलतो. ‘का?’ एवढेच विचारले तर जाब विचारल्यासारखे वाटते. ‘हे उत्तर निवडण्याचे कारण लिहा’ दोन्ही टोकांना सारखेच चालते. एकेरी पट्टीखाली मात्र ‘खोलीच्या स्वच्छतेबद्दल काय दिसले ते लिहा’ असे त्या गुणापुरते विचारावे. शेवटच्या मोकळ्या चौकटीचा मथळा ‘सूचना व तक्रारी’ ठेवला की तक्रारी येतात. ‘आपला बहुमोल अभिप्राय’ ठेवला की अभिप्राय वहीतल्यासारख्या शुभेच्छा. ‘मुक्कामाबद्दल आणखी काही सांगायचे असल्यास’ यात दोन्हींना जागा आहे.

हे सगळे तपासायचे कसे? उलट-भाषांतराने नाही. ‘ठीक’ परत इंग्रजीत नेला की ‘फेअर’ किंवा ‘ओके’ मिळतो आणि सगळे जुळल्याचा भास होतो. त्यापेक्षा प्रत्येक पर्याय वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा, चिठ्ठ्या पिसाव्यात आणि फॉर्म न पाहिलेल्या दहा-बारा मराठीभाषकांना 0 ते 100 अशा रेघेवर मांडायला सांगाव्यात. वेगवेगळ्या वयाचे आणि भागांतले लोक घ्यावेत, कारण ‘बरा’सारखे शब्द तिथेच फुटतात. दुहेरी पट्टीत मधली चिठ्ठी 50च्या आसपास यायला हवी आणि दोन्ही बाजूंची अंतरे साधारण सारखी. एकेरीत तळाची चिठ्ठी 0च्या जवळ हवी. दोन चिठ्ठ्या एकमेकींवर पडल्या, किंवा एकच चिठ्ठी कुणी 30वर, कुणी 65वर ठेवली, तर तो शब्द बदलायचा. इंग्रजी पर्यायांचीही हीच चाचणी इंग्रजीभाषकांकडून घेतली तर दोन रेघा शेजारी ठेवून पाहता येतात. एवढ्या कमी लोकांवरून अचूक मूल्य मिळत नाही, पण जागा चुकलेला शब्द नक्की सापडतो.

फॉर्म आधीच वापरात असेल तर पट्टी बदलल्याची तारीख नोंदींत वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि त्याआधीची व नंतरची सरासरी एकत्र करू नये. जुन्या मराठी आकड्यांतून सरसकट एक गुण वजा करून ते ‘जुळवण्या’चा मोह होतो. तो वरच्या उदाहरणात जमला, कारण तिथे कुणाचेही मत मराठीतल्या ‘खूप वाईट’ किंवा इंग्रजीतल्या ‘एक्सलंट’ या घरात पडत नव्हते. खऱ्या फॉर्मवर मराठी ‘खूप चांगला’मध्ये इंग्रजीतले ‘व्हेरी गुड’ आणि ‘एक्सलंट’ दोन्ही दडलेले असतात, आणि ते मागाहून वेगळे करता येत नाहीत.