स्पॅनिशमधील सुबखुंतिवो : इच्छा आणि शंका

मराठी व्याकरणात स्वार्थ, विध्यर्थ हे जसे क्रियापदाचे अर्थ, तसा सुबखुंतिवो हा स्पॅनिश क्रियापदाचा एक अर्थ आहे. बोलणारा एखादी गोष्ट खरी म्हणून सांगत असेल तर क्रियापद स्वार्थात येते. ती नुसती मनात आणली असेल, हवीशी किंवा शंकास्पद असेल, तर सुबखुंतिवोत. मराठी विद्यार्थ्याला हा भेद इच्छेच्या वाक्यांत पटकन उमगतो आणि शंकेच्या वाक्यांत हमखास चकवतो.

‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ याचे स्पॅनिश ‘क्येरो के बेंगास’. इथे ‘यावेस’ या विध्यर्थाच्या जागी ‘बेंगास’ हे सुबखुंतिवोचे रूप चपखल बसते. ते ‘बेंगो’ (मी येतो) या रूपावरून तयार होते. मात्र इच्छा करणारा आणि येणारा एकच असेल तर ‘के’ही नको आणि सुबखुंतिवोही नको: ‘मला यायचे आहे’ म्हणजे सरळ ‘क्येरो बेनीर’.

‘सांगणे’ या क्रियापदात तर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. ‘तो येतो असे ती सांगते’ म्हणजे ‘दीसे के ब्येने’. ‘त्याने यावे असे ती सांगते’ म्हणजे ‘दीसे के बेंगा’. पहिली बातमी, दुसरी आज्ञा.

शंकेत मात्र मराठीचा आधार सुटतो. ‘तो येईल याची मला शंका आहे’ यात मराठी साधा भविष्यकाळ वापरते, म्हणून विद्यार्थी ‘दुदो के बेंद्रा’ लिहितो. ‘बेंद्रा’ म्हणजे ‘येईल’ हे खरे, पण ते स्वार्थाचे रूप आहे. प्रमाण वाक्य ‘दुदो के बेंगा’. सुबखुंतिवोचा वेगळा भविष्यकाळ आज जवळजवळ कायद्याच्या भाषेपुरताच उरला आहे, त्यामुळे ‘येतो’ आणि ‘येईल’ या दोन्हींचा भार वर्तमानाचे ‘बेंगा’च वाहते.

सर्वांत फसवा शब्द आपला ‘वाटणे’. ‘तो येईल असे मला वाटते’ आणि ‘तो येईल असे मला वाटत नाही’ या दोन्हींत ‘येईल’ जसेच्या तसे राहते. स्पॅनिशमध्ये पहिले ‘क्रेओ के बेंद्रा’, कारण बोलणारा येण्याची ग्वाही देतो, भले सौम्यपणे. नकार येताच ग्वाही संपते आणि क्रियापद बदलते: ‘नो क्रेओ के बेंगा’. आणि ‘त्याने यावे असे मला वाटते’ यातला ‘वाटते’ मुळात मत सांगत नाही, इच्छा सांगतो. तिथे ‘क्रेओ’ चालत नाही, ‘क्येरो’ किंवा त्याहून नम्र ‘मे गुस्तारीआ’ लागते, आणि ‘मे गुस्तारीआ’नंतर सुबखुंतिवोही भूतकाळी होतो: ‘के बिन्येरा’.

म्हणून भाषांतराआधी मुख्य वाक्य झाकून पाहावे. ‘तो येईल’ एवढेच बोलणारा स्वतःच्या जबाबदारीवर म्हणेल का? ‘क्रेओ’नंतर म्हणेल, ‘दुदो’नंतर म्हणणार नाही. ही कसोटी सगळीकडे पुरत नाही. ‘एस्पेरो के बेंगा’ (तो येईल अशी आशा आहे) यात मराठी पुन्हा ‘येईल’ म्हणते, तरी आशा इच्छेच्या घरातली असल्याने सुबखुंतिवो लागतो. ‘कदाचित’ या अर्थाच्या ‘कीसास’नंतर ‘ब्येने’ आणि ‘बेंगा’ दोन्ही ऐकू येतात. निवड बोलणाऱ्याच्या खात्रीवर ठरते. ‘ओखाला’नंतर मात्र पर्याय नाही. ‘देवाची इच्छा असेल तर’ अशा अर्थाच्या अरबी वाक्प्रयोगातून आलेला हा शब्द केवळ सुबखुंतिवोच घेतो: ‘ओखाला बेंगा’, म्हणजे ‘तो येऊ दे रे देवा’.