‘एआयने सुधारलेला’ ही पाटी कुठून आली आणि कुठे गळते

पुण्यातल्या पेठांमधल्या जुन्या घरांत हाताने रंगवलेला एखादा फोटो भिंतीवर दिसायचाच. स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचा आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर रंग चढवायचा. ती लाली खरी नाही, हे कोणी सांगावं लागत नसे. रंगच पाटीचं काम करायचा.

आता तसं दिसत नाही. आमच्या भाच्याने अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, डागाळलेला फोटो एका अ‍ॅपमधून ‘क्लीअर’ करून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले. आई तेवढी म्हणाली, “अण्णांच्या भुवईवर खोक होती, ती कुठे गेली रे?” अ‍ॅपने खोक हा कागदावरचा डाग समजून पुसली होती आणि फोटोत पुसट झालेल्या डोळ्याच्या जागी अंदाजाने डोळा बसवला होता. आईने अण्णांना पाहिलंय म्हणून तिला कळलं. भाच्याला कसं कळणार?

अशा फोटोंची नोंद ठेवायची सोय आहे. वृत्तछायाचित्रांची मानकं ठरवणाऱ्या आयपीटीसीने फाइलच्या आतच फोटोचा उगम लिहायची जागा दिली. एआयने काही भाग बदललेल्या फोटोसाठी तिथे `compositeWithTrainedAlgorithmicMedia` अशी नोंद होते. फोटोचा उगम तपासता यावा म्हणून २०२१ मध्ये सी२पीए हा गट स्थापन झाला. त्याच्या मानकात बदलांचा इतिहास डिजिटल सहीसह फाइलला जोडला जातो.

मे २०२४ पासून मेटा अशा नोंदी वाचून इन्स्टाग्राम-फेसबुकवर `Made with AI` लिहू लागली. छायाचित्रकार चिडले, कारण कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोतला एखादा ठिपका एआयने काढला तरी तीच पाटी लागत होती. जुलैत तिचं `AI info` झालं आणि सप्टेंबरमध्ये नुसत्या सुधारलेल्या फोटोंची पाटी मेन्यूत सरकली. माझ्या मते हे दुसरं टोक झालं. मेन्यू उघडून बघतो कोण?

भारतात ऑक्टोबर २०२५च्या सरकारी नियमांच्या मसुद्यात एआयने बनवलेल्या चित्राच्या किमान १० टक्के जागेवर पाटी मागितली होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये लागू झालेल्या नियमांत ती टक्केवारी गेली, ठळक पाटीची अट राहिली. अर्थ न बदलणारी साधी रंगदुरुस्ती त्यातून वगळली आहे.

घरच्या ग्रुपवर मात्र यातलं फारसं पोचत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते आणि आतली नोंद जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती टिकते, पण पुढच्याने स्क्रीनशॉट घेतला की संपलं. खाली लिहिलेली ओळही फॉरवर्ड करताना काढता येते.

म्हणून भाच्याने फोटोखाली पांढरी पट्टी जोडून तिच्यातच लिहिलं: “एआयने सुधारलेला. डावा डोळा अंदाजाने, भुवईवरची खोक पुसली गेली.” शेजारी मूळ डागाळलेला फोटो, दोन्ही मिळून एकच चित्र. पट्टी कापता येतेच. पण मधोमध लिहिलेलं आईला चाललं नसतं.