खरवस

गाय किंवा म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं त्याला चीक म्हणतात आणि त्या चिकात साखर किंवा गूळ घालून वाफवलं की जी थरथरणारी वडी तयार होते तो खरवस. आंध्र-तेलंगणात ह्यालाच जुन्नू आणि कर्नाटकात गिण्णू म्हणतात. गायीचा चीक पिवळा दिसतो कारण त्यात कॅरोटीन असतं, म्हशीचा पांढराच राहतो पण दाट असतो.

करायला अगदी सोपा आहे, तरीही बिघडतो भरपूर वेळा. कुणाचा रबरासारखा होतो, कुणाचा अर्धा तास वाफवूनही पातळच राहतो, आणि मग "चीक चांगला नव्हता" म्हणून गवळ्यावर ढकललं जातं. खरंतर नव्वद टक्के वेळा चूक एकच असते, चीक कितव्या धारेचा आहे हे न विचारता अंदाजाने दूध मिसळलेलं असतं.

आधी हे घट्ट बसतं कशामुळे ते बघू. नेहमीच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रोटीन असतं आणि त्यातलं बहुतेक केसिन. केसिन नुसत्या उष्णतेने गोठत नाही, म्हणून तर आपण दूध कितीही उकळलं तरी ते दूधच राहतं, त्याचं पनीर करायला लिंबू पिळावं लागतं आणि दही करायला विरजण लागतं. पण व्यायल्यावरच्या पहिल्या धारेच्या चिकात प्रोटीन सुमारे चौदा टक्के असतं आणि ही जास्तीची भर बहुतेक केसिनची नसते, ती असते इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे अँटिबॉडीज आणि त्यांच्या जोडीची, दुधाच्या निवळीत विरघळलेली प्रोटीन्स. ही प्रोटीन्स दोऱ्याच्या गुंडीसारखी घडी घालून असतात. साधारण सत्तर डिग्रीच्या पुढे गेलं की घडी उलगडते, उलगडलेले धागे एकमेकांत अडकतात, जाळं तयार होतं आणि पाणी, फॅट, साखर सगळं त्या जाळ्यात पकडलं जातं. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर बसतो ना, अगदी तसंच. म्हणजे खरवस हा पनीरचा भाऊ नाही, उकडलेल्या अंड्याचा आहे, शाकाहारी मंडळींनी उपमेपुरतं माफ करावं.

आता ह्या अँटिबॉडीज चिकात एवढ्या का, तर गायीच्या वारेतून त्या गर्भाकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं संरक्षण जवळजवळ नसतंच, ते सगळं चिकातून मिळतं, आणि त्याच्या आतड्यातून अँटिबॉडीज रक्तात जायची सोय साधारण पहिले चोवीस तासच असते, तीही तासागणिक कमी होत जाते. त्यामुळे पहिला चीक वासराचा. पंचवीस-तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच-तीन लिटर तरी पोटात गेला पाहिजे आणि त्यातला बराचसा पहिल्या काही तासांतच. उरला तर आपला. ज्या घरी वासराला तोडून चीक विकतात तिथून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाय हा साठा भराभर संपवते. दुसऱ्या धारेला प्रोटीन आठ टक्क्यांच्या आसपास येतं, तिसऱ्या धारेला पाचच्या आसपास, आणि त्या पाचातलंही बरंचसं केसिन असतं जे वाफेने बसत नाही. सगळा हिशोब इथेच आहे. पहिल्या धारेचा चीक नुसता वाफवला तर वडी चिवट होते म्हणून त्यात दूध घालावंच लागतं, दुसऱ्या धारेच्या चिकात अगदी थोडं, आणि तिसऱ्याच्या चिकात दूध घातलं की विषय संपला, तो कसाबसा नुसताच बसतो किंवा बसतही नाही.

समजा गवळ्याने अर्धा लिटर पहिल्या धारेचा चीक दिलाय. आधी तो फडक्यातून गाळून घ्यायचा. त्यात पाऊण लिटर उकळून पूर्ण गार केलेलं दूध, गरम दूध ओतलं तर चीक भांड्यातच गुठळ्या धरतो. मग दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम किसलेला गूळ किंवा साखर, गारच ढवळून विरघळवायची, फेस येऊ न देता. गूळ लवकर विरघळावा म्हणून दुधात घालून तापवायचा मोह होतो, पण गुळातल्या आंबटपणाने दूध नासू शकतं. परत एकदा गाळून वेलची-जायफळ घालायचं, केशर असेल तर केशर.

आणि सगळं एकदम वाफवायच्या आधी एक वाटी-टेस्ट करा. दोन-तीन चमचे मिश्रण छोट्या वाटीत घालून उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं ठेवायचं. पातळ राहिलं तर अजून चीक हवा, फार कडक झालं तर थोडं दूध. गायीगणिक चीक वेगळा असतो, पहिल्या वेताच्या गायीचा बहुतेक वेळा जुन्या गायीपेक्षा हलका, म्हणून वरचं प्रमाण म्हणजे फक्त सुरुवात धरा.

मग डब्यात दोन बोटं उंचीपर्यंत ओतायचं, वर ताटली झाकायची नाहीतर वाफेचं पाणी टपकून खड्डे पडतात, आणि कुकरची शिटी काढून मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. सुरी घालून स्वच्छ बाहेर आली की झालं. शिटी लावून करणारे आहेत, पण प्रेशरखाली तापमान शंभरच्या वर जातं, जाळं आवळतं, आतलं पाणी पिळून बाहेर येतं आणि वडीला भोकं पडतात. बाजूला पाणी सुटलेला जाळीदार खरवस दिसला की समजायचं आच जास्त झाली. थेट गॅसवर ढवळत उकळला तर जाळं बनता बनताच मोडत राहतं म्हणून रवाळ गुठळ्या होतात, चव तीच, वडी मात्र नाही. वड्या पूर्ण गार झाल्यावरच कापायच्या.

चीक फ्रीजरमध्ये नीट राहतो, फक्त वितळवताना फ्रीजमध्ये खाली ठेवून हळूहळू वितळवा, मायक्रोवेव्हमध्ये कडेने आधीच खरवस होतो. लालसर किंवा गाठी आलेला, कास सुजलेल्या जनावराचा चीक मात्र घेऊच नका.

खरवस खाल्ल्याने प्रतिकारशक्ती वाढते असं हमखास सांगितलं जातं. पण ज्या अँटिबॉडीजमुळे तो बसतो त्या बसतानाच मोडतात, त्यामुळे त्या आशेवर खाऊ नका, आवडतो म्हणून खा.

बाजारात चीक न वापरता चायना ग्रासने बसवलेला "खरवस" पण मिळतो. तुकडा वाटीत घेऊन उकळत्या पाण्यात ठेवून बघा, चायना ग्रासचा पातळ होतो, चिकाचा एकदा बसला की परत वितळत नाही. मिल्कमेड आणि दही घालून वाफवलेला मात्र ह्या परीक्षेत पास होईल, तो मागून येणाऱ्या आंबूस चवीवरूनच ओळखावा लागतो.