सगळे शेजारी सारखेच का दिसू लागतात?

कोरा हा २७०८ शोधनिबंधांचा संच आहे. कोणत्या निबंधाने कोणाचा संदर्भ दिला त्यानुसार ते एकमेकांना जोडलेले आहेत, आणि प्रत्येकाचा विषय सातांपैकी कोणता हे ओळखायचं आहे. किप्फ आणि वेलिंग या संशोधकांच्या जीसीएन या न्यूरल जाळ्याने २०१७ मध्ये हे काम सुमारे ८१.५ टक्के अचूकतेने केलं, तेही फक्त दोन थरांत. चित्रं ओळखणारी जाळी शंभर-दीडशे थरांची असताना इथे दोनच का?

याचं उत्तर एका थरात काय घडतं त्यात आहे. प्रत्येक निबंध म्हणजे एक नोड, आणि त्यातले शब्द आकड्यांत मांडलेले असतात. प्रत्येक नोड आपल्याशी जोडलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांचे आकडे मागवतो, त्यांची स्वतःच्या आकड्याशी सरासरी काढतो आणि ती शिकलेल्या वजनांतून पुढे पाठवतो. यालाच संदेशवहन म्हणतात. दुसऱ्या थरात शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचीही खबर पोचते.

वजनं बाजूला ठेवून हे हातानेच करून पाहू. अ, ब, क, ड असे चार नोड एका ओळीत जोडलेले आहेत. अ आणि ब एका विषयाचे, त्यांचा आकडा १२. क आणि ड दुसऱ्या विषयाचे, त्यांचा ०. पहिल्या थरानंतर ब होतो (१२+१२+०)÷३, म्हणजे ८. चौघांचे आकडे होतात १२, ८, ४, ०. दुसऱ्यानंतर १०, ८, ४, २. चौथ्यानंतर साधारण ८.२, ७, ५, ३.८. विसाव्या थरानंतर अ ६.०१ वर आणि ड ५.९९ वर. आता कोण कुठल्या गटातला हे सांगा पाहू!

यालाच ओव्हरस्मूदिंग म्हणतात. गंमत म्हणजे सुरुवातीला हीच सरासरी उपयोगी पडते: एखाद्या निबंधातले शब्द फसवे असले तरी त्याचे शेजारी बहुधा त्याच विषयाचे असतात, त्यामुळे चूक झाकली जाते. बिघडतं ते संदेश गटाची वेस ओलांडून पलीकडे जात राहतात तेव्हा. जीसीएनची सरासरी थोडी वेगळी असते. तिथे शेवटी फरक उरतोच, पण तो कुणाला किती शेजारी आहेत एवढाच. विषयाचा पत्ता नसतो.

अचूकता घसरली की अनेकजण ‘जाळ्याने घोकंपट्टी केली’ असं म्हणून मोकळे होतात. पण घोकंपट्टीत सरावाच्या उदाहरणांवर गुण उत्तम मिळतात, ओव्हरस्मूदिंगमध्ये सरावातले गुणही पडतात. खात्री करायची तर प्रत्येक थरानंतर नोडांमधलं सरासरी अंतर मोजावं. एकूण आकड्यांच्या मानाने ते शून्याकडे घसरत असेल, तर दुखणं हेच.

एक उपाय फार साधा आहे. दर थरात ९० टक्के सरासरी घ्यायची आणि १० टक्के नोडाचा मूळ आकडा परत मिसळायचा. आपल्या चौघांवर हे केलं तर कितीही थर चढवा, अ ८.१ च्या आणि ड ३.९ च्या आसपास थांबतो. २०२० च्या जीसीएन-टू मध्ये अशीच मिसळ आहे, वजनांवरच्या आणखी एका युक्तीसह. कोरावर ते ६४ थरांनी सुमारे ८५.५ टक्क्यांपर्यंत पोचलं. म्हणजे बासष्ट थर वाढवून चारच टक्के पदरात पडले. कोरासारख्या संचावर मी तरी आधी दोन थरांचंच जाळं चालवून पाहतो.