एका 'ल'चा फरक: ग्रीक कथनातला अपूर्ण भूतकाळ आणि आपली मराठी

मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक छोटा प्रसंग आहे. येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेट्यांसमोर बसला आहे आणि लोक पैसे कसे टाकतात हे पाहत आहे. पुष्कळ श्रीमंत येतात, भरपूर टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन लेप्टा टाकते. लेप्टा म्हणजे तेव्हाचं तांब्याचं सर्वांत लहान नाणं.

श्रीमंतांसाठी मार्क 'एबाल्लोन' हे क्रियापद वापरतो आणि विधवेसाठी 'एबालेन'. दोन्ही रूपं 'बाल्लो', म्हणजे टाकणे, या एकाच धातूची आहेत आणि दोन्ही भूतकाळाची आहेत. सुरुवातीचा 'ए' भूतकाळ दाखवतो, शेवटचा प्रत्यय एकवचन की अनेकवचन ते सांगतो. खरा फरक मधल्या 'ल'मध्ये आहे. जोडाक्षर असेल तर वर्तमानकाळाचं अंग, म्हणजे क्रिया चालू असताना आतून पाहिलेली. एकच 'ल' असेल तर दुसरं अंग, म्हणजे क्रिया पुरी झालेली, बाहेरून अखंड पाहिलेली. पहिल्या रूपाला, म्हणजे आपल्या अपूर्ण भूतकाळाला, ग्रीक व्याकरणकार 'पाराटाटिकोस' म्हणत, म्हणजे लांबत जाणारा, ताणलेला. दुसऱ्याला 'आओरिस्टोस', म्हणजे सीमा न आखलेला.

हा फरक मराठीत आणायला आपल्याला काही कसरत करावी लागत नाही. 'पुष्कळ श्रीमंत भरपूर पैसे टाकत होते. एका गरीब विधवेने येऊन दोन लेप्टा टाकले.' आता या दोन वाक्यांकडे जरा जवळून पाहा. पहिल्यात कर्ता साधा आहे आणि क्रियापद त्याच्यामागे जातं: श्रीमंत टाकत होते. दुसऱ्यात कर्त्याला 'ने' लागला आणि क्रियापद विधवेला सोडून नाण्यांच्या मागे गेलं. कर्तरीचा कर्मणी प्रयोग झाला. ग्रीकला जो फरक एका अक्षरात दाखवावा लागतो, त्यासाठी मराठी सगळ्या वाक्याची मांडणी बदलते. क्रिया चालू आहे की पुरी झाली, हे ओळखायला मराठी माणसाला व्याकरण शिकावं लागत नाही, कारण सकर्मक क्रियापद वापरताना तो दर वेळी हा निर्णय घेतच असतो.

त्याच वाक्याच्या आधी आणखी एक गंमत आहे. 'लोक पैसे कसे टाकतात हे तो पाहत होता' यातलं 'टाकतात' ग्रीकमध्येही वर्तमानकाळातच आहे. 'पाहत होता' मात्र अपूर्ण भूतकाळ. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे घडतंय ते वर्तमानात ठेवायची ही रीत दोन्ही भाषांत सारखी आहे, त्यामुळे इथे शब्दाला शब्द जुळतो.

घोटाळा होतो तो पुढे. अपूर्ण भूतकाळ वारंवारता दाखवतो असं पाठ केलेला विद्यार्थी 'श्रीमंत लोक भरपूर पैसे टाकत असत' असं लिहितो. वाक्य निर्दोष आहे, पण दृश्य नाहीसं होतं. 'टाकत असत' ही वर्षानुवर्षांची रीत झाली, आणि येशू तर त्या दिवशी तिथे बसून पाहत होता. इथली वारंवारता एका माणसाची नाही. एकामागून एक माणसं येत आहेत आणि प्रत्येक जण एकदाच टाकतो आहे. त्यासाठी 'टाकत होते' हवं. उलट सगळीकडे 'टाकले' लिहिलं, तर ओघ थांबतो आणि श्रीमंतांची नि विधवेची नोंद एकाच वहीत लागोपाठ केल्यासारखी वाटते. चालू असलेल्या वर्दळीत एक बाई येते, हेच तर मार्कला दाखवायचं आहे.

मग 'असे' कुठे? पंधराव्या अध्यायात. तिथे पिलात सणाच्या वेळी लोकांसाठी एक कैदी 'अपेल्युएन'. 'सणाच्या वेळी' हे शब्दच सांगतात की ही प्रथा आहे, म्हणून 'सोडत असे' किंवा बोलीत 'सोडायचा'. जुन्या गद्यात नुसतं 'सोडी' पुरे झालं असतं. नऊ ओव्या पुढे तेच क्रियापद 'अपेल्युसेन' होऊन येतं: त्याने बरब्बाला सोडले. प्रथा आणि त्या प्रथेतली ही एक वेळ, दोन्ही एकाच धातूवर उभ्या आहेत, त्यामुळे अनुवादातही 'सोडणे' हेच क्रियापद दोन्हीकडे राहिलेलं बरं.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो. मत्तयच्या तिसऱ्या अध्यायात येशू बाप्तिस्मा घ्यायला येतो तेव्हा योहान त्याला 'डिएकोल्युएन', म्हणजे अडवण्याची क्रिया, अपूर्ण भूतकाळात. पुढच्याच ओवीत योहान ऐकतो आणि त्याला बाप्तिस्मा घेऊ देतो. म्हणजे अडवणं सुरू झालं, तडीस गेलं नाही. 'योहानाने त्याला अडवले' असं लिहिलं तर ते चूकच ठरेल, कारण मराठीत 'अडवले' म्हटल्यावर माणूस अडलेला असतो. 'अडवू लागला' किंवा 'अडवू पाहत होता' हे बरोबर. हे 'ऊ पाहणे' आपल्याकडे इतकं तयार आहे की ग्रीकमधल्या या अर्थासाठी 'प्रयत्न केला' असले जड शब्द शोधायची गरजच नाही.

म्हणजे एक ग्रीक रूप आणि मराठीत तीन वाटा: 'त होता', 'त असे', 'ऊ पाहत होता'. यांतली कोणती, हे क्रियापदाकडे बघून कळत नाही. आजूबाजूचे शब्द आणि पुढे काय घडतं, यावरून ठरतं.

संस्कृत शिकलेल्यांनी एक सावधगिरी बाळगावी. ग्रीक 'एफेरे' आणि संस्कृत 'अभरत्' ही सख्खी भावंडं आहेत. तिकडचा 'ए' तोच आपला 'अ' आगम, आणि हे रूप म्हणजे आपला लङ्. पण अभिजात संस्कृतात लङ् हा नुसता भूतकाळ होऊन गेला. 'अगच्छत्' म्हणजे 'गेला'. त्या सवयीने ग्रीक वाचलं की सगळे अपूर्ण भूतकाळ सपाट होतात. संस्कृत मुखोद्गत असलेल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्यावर काम करत होत्या. ही भावंडं दिसायला सारखी आणि वागायला वेगळी, हे त्यांना पानोपानी भेटलं असणार.

काही क्रियापदांत मात्र अर्थ शोधूच नये. 'असणे' या अर्थाच्या ग्रीक 'एइमी'ला दुसरं भूतकाळी रूपच नाही, त्यामुळे तिथे लेखकाने निवड केलेली नसते. 'एलेगेन' हे बोलण्याचं रूपही अपूर्ण भूतकाळात सर्रास येतं, आणि दर वेळी 'म्हणत असे' लिहिलं तर येशू एकच वाक्य रोज घोकत होता असं वाटू लागेल. बहुतेक ठिकाणी साधं 'म्हणाला' किंवा 'म्हणू लागला' शोभतं.

आता पुन्हा दानपेटीकडे. विधवा टाकून गेल्यावर येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की बाकी सगळ्यांनी आपल्या भरपुरातून टाकलं. इथे त्याच श्रीमंतांसाठी रूप आहे 'एबालोन', एकाच 'ल'चं. माणसं तीच, पैसे तेच. मघाशी मार्क ते घडताना दाखवत होता, आता येशू झालेल्याचा हिशेब सांगतो आहे. म्हणून इथे मराठीतही 'टाकत होते' सोडून 'टाकले'च हवं. आणि वाक्याच्या शेवटी विधवेबद्दल 'पांता होसा एइखेन एबालेन': एइखेन, जवळ असणं, हे अपूर्ण आणि एबालेन, टाकणं, हे पुरं. तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं तिने टाकलं.