ळ : मराठी विशेषनामांतील उच्चार व रोमन लिप्यंतर

मराठी वर्णमालेतील पार्श्विक मूर्धन्य व्यंजन. जिभेचे टोक मागे वळवून टाळूच्या कठीण भागाला टेकवले, बाजूंनी हवा जाऊ दिली आणि टोक झटकन पुढे आणले की हा ध्वनी उमटतो. ‘ल’च्या वेळी तेच टोक वरच्या दातांमागील हिरडीला टेकते. दोन स्वरांमध्ये (काळे, मुळे) ळचा स्पर्श निसटता असतो, तर पुढे व्यंजन आले (केळकर, दळवी) की तो किंचित टिकतो. मराठीत ळ शब्दारंभी येत नाही.

ळच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ऋग्वेदात दोन स्वरांमधील ‘ड’च्या जागी ळ येतो (‘अग्निमीळे’), परंतु अभिजात संस्कृतात तो आढळत नाही, आणि मराठीचा ळ थेट त्या वैदिक ळपासून आला असे मानण्यास फारसा आधार नाही. काही अभ्यासक तो द्राविडी भाषांच्या सान्निध्याचा परिणाम मानतात. गुजराती, राजस्थानी, पंजाबी आणि ओडिया या भाषांतही हा ध्वनी असल्याने केवळ शेजाराने त्याचा उलगडा होत नाही. सान्निध्याने तो टिकून राहण्यास मदत झाली असावी, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. अंतर्गत ध्वनिपरिवर्तनाचा नियम मात्र बराच स्पष्ट आहे. दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा मराठीत ळ झाला (फल–फळ, काल–काळ), तर प्राकृतातील दुहेरी ‘ल्ल’चा साधा ‘ल’ उरला (तैल–तेल्ल–तेल, कल्य–कल्ल–काल). वेळ सांगणारा ‘काळ’ आणि आदला दिवस सांगणारा ‘काल’ हे वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. ळचा दुसरा प्रवाह ‘ड’मधून आला : गुड–गूळ, षोडश–सोळा.

विशेषनामांत हा नियम पुरा पडत नाही, कारण व्यक्तिनामे पुष्कळदा संस्कृतातून जशीच्या तशी उचललेली असतात. वाराचे नाव मंगळ, पण बाईचे नाव मंगल. फूल कमळ, पण नाव बहुधा कमल. आडनावांत केळकर, शेळके, साळवी यांना ळ आहे, तर गोखले आणि पाटील यांना नाही. त्यामुळे मराठी नावांत सरसकट ळ घालणे ही सरसकट ल म्हणण्याइतकीच चूक ठरते, आणि ‘पाटीळ’ ऐकून मराठी माणूस दचकतोच.

भारतात शासकीय नकाशांसाठी रूढ असलेल्या हंटर पद्धतीत व्यवहारात ल आणि ळ या दोहोंसाठी l, तसेच त आणि ट या दोहोंसाठी t लिहिले जाते. याचा परिणाम ‘बाळ टिळक’ या नावात नीट दिसतो. रोमन लिपीत ते Bal Tilak होते. हिंदीत रूढ असलेले रूप ‘बाल तिलक’ आहे. हिंदीला ‘ट’ अपरिचित नाही, तरी T पाहून तो ट की त हे ठरवता येत नाही. ळ तर प्रमाण हिंदीच्या वर्णमालेतच नाही. दोन शब्दांतले तिन्ही मूर्धन्य ध्वनी अशा रीतीने दंत्य वा दंतमूलीय होतात. Kale या लेखनावरून काळे, काले, कळे यांतले मूळ रूप कोणते हे नाव आधीच ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही.

आयएसओ १५९१९ (२००१) या प्रमाणकात ळसाठी ḷ, म्हणजे अक्षराखाली बिंदू असलेले रूप, ठरवले आहे. त्यानुसार काळे हे Kāḷe आणि टिळक हे Ṭiḷaka असे लिहिले जाते. शेवटचा a उच्चारात नसतो, हे वाचकाने जाणून घ्यावे लागते. गोंधळ होतो तो जुन्या संस्कृत ग्रंथांमुळे. त्यांच्या लिप्यंतर पद्धतीत ḷ हे चिन्ह ‘ऌ’ या स्वराचे असते आणि ळसाठी कधी ḻ, म्हणजे खाली रेघ असलेले अक्षर, वापरतात. आयएसओ १५९१९ मध्ये ती रेघ तमिळमधील ழ या वेगळ्या ध्वनीला दिलेली आहे. म्हणून कोणतेही बिंदुयुक्त लेखन वाचण्यापूर्वी त्यामागची पद्धत पाहणे आवश्यक असते. आयट्रान्स पद्धतीत ळ मोठ्या L ने दाखवतात (kALe). संगणकावर हे सोयीचे आहे, पण सर्व अक्षरे मोठी छापण्याची रीत असलेल्या कागदपत्रांवर हा भेद पुसला जातो. पारपत्राच्या यंत्रवाचनीय ओळींत तर A ते Z यांपलीकडची अक्षरेच चालत नाहीत.

बोलींमध्येही ळ सर्वत्र स्थिर नाही. वऱ्हाडीत व अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, आणि किनाऱ्यावरील काही बोलींत ळऐवजी ल ऐकू येतो. असा वक्ता आपले आडनाव बोलताना ल किंवा य म्हणेल, तरी लिहिताना बहुधा ळच लिहील.

ण आणि ड यांची स्थिती रोमन लेखनात अशीच आहे (पुणे–Pune, नांदेड–Nanded). ‘ड’चा दोन स्वरांमधील किंवा स्वरानंतरचा उच्चार जिभेच्या झटक्याने होतो, आणि इंग्रजी कानाला तो ‘र’ वाटत असावा. पुण्याजवळच्या खडकीचे ब्रिटिश काळातील लेखन Kirkee असे होते.