आयपीओसाठी ब्लॉक झालेले पैसे मोकळे कसे होतात?

(आमच्या लातूर कार्यालयातून आयपीओचा अर्ज भरणाऱ्या ग्राहकांसाठी)

शेअर लागले नाहीत असं कळलं की एक-दोन दिवसांत कुणी ना कुणी पासबुक भरून घेऊन आमच्याकडे येतं. "रिफंड आला नाही हो, एन्ट्रीच दिसत नाही." पासबुक उघडून पाहिलं तर पैसे जागच्या जागी असतात. एन्ट्री नसते, कारण ती होणारच नसते. हे पत्रक त्याचसाठी काढलं आहे.

यूपीआयने अर्ज करताना पैसे तुमच्या खात्यातून बाहेर जात नाहीत. फोनवर मँडेटची विनंती येते, तुम्ही पिन टाकून ती मंजूर करता आणि तुमची बँक तेवढ्या रकमेवर लीन लावते. रक्कम तुमच्याच नावावर राहते, बचत खात्याचं व्याजही तिच्यावर चालू राहतं, फक्त ती काढता येत नाही. शेअर लागले नाहीत तर बँक लीन उठवते. जे गेलंच नाही ते परत जमा कसं होणार? म्हणून पासबुकात जमेची ओळ शोधू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन आकडे असतात, एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक. दुसरा आकडा वाढला की पैसे मोकळे झाले.

एक हिशोब पाहू. मोंढ्यात सोयाबीन घातलं, पट्टीचे पैसे आले आणि खात्यात ५२,३०० रुपये झाले असं धरा. एका आयपीओचा किंमतपट्टा ४७० ते ४९५ रुपये आहे आणि एक लॉट ३० शेअरचा आहे. तुम्ही कट-ऑफ किमतीला तीन लॉट भरले. कट-ऑफला पट्ट्यातली वरची किंमत धरतात, म्हणून ९० शेअरचे ४४,५५० रुपये ब्लॉक झाले. पासबुकात ५२,३०० च दिसतील, पण एटीएममधून ७,७५० च्या वर निघणार नाही. पुढे किंमत ४९५ ठरली आणि तुम्हाला एक लॉट लागला. मग खात्यातून १४,८५० रुपये खरोखर वजा होतील आणि उरलेल्या २९,७०० वरचा लीन उठेल. आता एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक, दोन्ही ३७,४५०. पासबुकात ओळ फक्त एकच, १४,८५० नावे पडल्याची.

इथे एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला सांगतो. भरपूर मागणी असलेल्या आयपीओत किरकोळ गुंतवणूकदारांसाठी सोडत निघते आणि नंबर लागलेल्याला एकच लॉट मिळतो. तिथे तीन लॉट भरून संधी तिप्पट होत नाही, जास्तीचे २९,७०० रुपये मात्र विनाकारण अडकतात. त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचा हप्ता असेल तर तो बाउन्स होतो, कारण हप्ता कापणारी यंत्रणा वापरता येणारी शिल्लकच पाहते. हप्त्याच्या खात्यातून अर्ज करायचाच असेल तर एकाच लॉटचा करा आणि हप्त्यापुरती रक्कम वर राहते का ते आधी बघा.

किती दिवस लागतात?

१ डिसेंबर २०२३ पासून सेबीने वेळापत्रक आखडतं केलं आहे. आयपीओ बंद झाल्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी अलॉटमेंट ठरते, दुसऱ्या दिवशी पैसे मोकळे होतात आणि शेअर डिमॅटमध्ये येतात, तिसऱ्या दिवशी लिस्टिंग. बुधवारी बंद झाला तर शुक्रवारी पैसे मोकळे. गुरुवारी बंद झाला तर सोमवारी, कारण शनिवार-रविवार धरत नाहीत. हे दिवस शेअर बाजाराच्या कामकाजाचे आहेत, आपल्या गावच्या सुट्टीचे नाहीत. येळवसेला आपल्याकडे सगळे शेतात असतात, पण मुंबईत बाजार चालू असतो आणि तो दिवस मोजला जातो.

मागे काय घडतं तेही थोडक्यात सांगतो. कुणाला किती शेअर लागले त्याची यादी रजिस्ट्रार, म्हणजे आयपीओच्या अर्जांचं काम पाहणारी संस्था, स्पॉन्सर बँकेकडे देतो. ही आयपीओसाठी नेमलेली बँक असते. ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत तुमच्या बँकेला कळवते: याचे इतके कापा, त्याचे सगळे सोडा. लीन उठवण्याचं काम शेवटी तुमच्या बँकेचंच असतं. आमच्या कार्यालयाच्या किंवा ट्रेडिंग अ‍ॅपच्या हातात ते नाही. यूपीआय अ‍ॅप काढून टाकलं म्हणूनही लीन उठत नाही, कारण तो फोनवर नसून बँकेत असतो.

पैसे अडकूनच राहिले तर

आधी शेअर खरंच लागले नाहीत ना, हे रजिस्ट्रारच्या किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर पॅन टाकून पाहा. मग यूपीआय अ‍ॅपमध्ये मँडेटच्या यादीत तो अर्ज उघडा. तिथे Revoked किंवा Executed दिसत असेल आणि तरी वापरता येणारी शिल्लक वाढली नसेल, तर निरोप पोचला आहे आणि लीन तुमच्या बँकेत राहिला आहे. शाखेत जाऊन तसंच सांगा: "आयपीओचा लीन उठला नाही." "रिफंड आला नाही" म्हणालात तर समोरचा माणूस जमेची नोंद शोधत बसेल. मँडेटच्या तपशिलात UMN हा क्रमांक असतो, त्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा.

दोन कामकाजाचे दिवस उलटूनही मँडेट Active च दिसत असेल, तर निरोप वरूनच आलेला नसण्याची शक्यता जास्त. तेव्हा आम्हाला अर्ज क्रमांक पाठवा, आम्ही ब्रोकरमार्फत रजिस्ट्रारकडे लेखी विचारणा करतो. मँडेटची मुदत संपली की लीन आपोआप उठायला हवा हे खरं, पण तोपर्यंत गप्प बसू नका. बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते.

पोच घ्या म्हणतो त्याला कारण आहे. आयपीओ बंद झाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत न लागलेली रक्कम सुटली नाही, तर उशिराला जबाबदार असलेल्या बँकेने भरपाई द्यायची असते. दर दिवशी १०० रुपये किंवा अर्जाच्या रकमेवर वार्षिक १५ टक्के, यांतलं जे जास्त ते. आपल्या ४४,५५० वर १५ टक्क्यांनी दिवसाला जेमतेम १८ रुपये होतात, म्हणून १०० चा दर लागू. किरकोळ अर्जाची मर्यादा २ लाख आहे आणि २ लाखांवरही दिवसाचे ८२ च होतात. म्हणजे किरकोळ ग्राहकाने सरळ दिवसाला १०० रुपये मागावेत. पाच दिवस उशीर, पाचशे रुपये.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पैसे मोकळे होताना तुमच्याकडून काहीही लागत नाही: पिन नाही, ओटीपी नाही, लिंकवर क्लिक नाही. पिन एकदाच लागतो, अर्जाच्या वेळी. "आयपीओचा रिफंड द्यायचा आहे, आलेली विनंती मंजूर करा" असा फोन आला तर ती विनंती पैसे देणारी नसून तुमच्या खात्यातून पैसे काढणारी असते. फोन ठेवा. पिन टाकून बसला असाल तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला, आणि त्यानंतर आम्हाला.